'घालावा, घालावी, घालावे' शिकवायला कोणती पाककृती निवडावी?

प्रश्न: मी इंदूरला रविवारी मराठीचा वर्ग घेते. मुलं अकरा ते चौदा वर्षांची आहेत, घरी मराठी ऐकतात पण शाळेत आणि मित्रांत हिंदीच. 'करावा, करावी, करावे' शिकवताना पुस्तकातली सुटी वाक्यं फार कृत्रिम वाटतात, म्हणून नेटवरून पोह्यांची कृती उतरवून दिली, तर त्यात ते रूप एकदाही नव्हतं. पाककृती, हवामानाचा अंदाज असे खरे मजकूर निवडायचे तरी कसे?

उत्तर:

तुमच्या पोह्यांच्या कृतीत ते रूप नसणं अगदी साहजिक आहे. मराठीत पाककृती लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एक 'कांदा चिरून घ्या, तेल तापवा, मोहरी घाला' अशी, म्हणजे आज्ञार्थाची. दुसरी 'कांदा चिरावा, तेल तापवावे, मोहरी घालावी' अशी, म्हणजे विध्यर्थाची. व्हिडिओखाली किंवा ब्लॉगवर लिहिणारे बहुतेक समोर कुणीतरी उभं आहे अशा थाटात लिहितात, त्यामुळे तिथे 'घ्या, घाला, करा' हेच भेटतं. 'चिरावा, घालावी' ही रीत जुन्या पाककृतींच्या पुस्तकांत, दिवाळी अंकांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि आज्जींच्या वह्यांत सापडते. रामबाग किंवा लोकमान्य नगरातल्या जुन्या मराठी घरांत अशा वह्या अजून निघतात. पालकांना एक निरोप धाडलात तर एका आठवड्यात पुरेसा माल जमेल, आणि मुलांनाही ओळखीचं अक्षर वाचायला मिळेल.

तेव्हा 'पाककृती द्यावी' एवढं ठरवून भागत नाही. आधी रूप ठरवायचं, मग ते रूप ज्याच्यावाचून अडतं असा मजकूर शोधायचा. आज्ञार्थातली कृती हाताशी आहे म्हणून तिच्यातली 'घ्या, घाला' बदलून 'घ्यावा, घालावी' करायचा मोह होतो. तो टाळलेला बरा. रूपं बदलली तरी वाक्यांची बाकीची घडण बोलण्याची राहते. 'आता काय करायचं, तर मस्तपैकी कांदा परतून घ्यावा' असं कुणी लिहीत नाही, आणि मुलांच्या कानाला ते खटकतंच.

किती मुलांना काय येतं यावर पुढचं बरंच अवलंबून आहे. ज्या मुलांच्या घरी मराठी नुसती ऐकू येते, त्यांना 'घालावा' हे रूप ओळखता येतं पण स्वतःहून जुळवता येत नाही. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना ते जुळवता येतं, फक्त लिहिताना 'घालावं' की 'घालावे' असा प्रश्न पडतो. वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असतील असं धरून पुढचं लिहितो. महाराष्ट्रातून नव्याने बदली होऊन आलेली मुलं असतील तर त्यांना यातलं फारसं काही नवीन नाही.

हिंदीचा संबंध आधी स्पष्ट करून घेऊ, कारण मजकुराची निवड त्यावर ठरते. हिंदी पाककृती 'प्याज काट लें, पानी डालें' अशी लिहितात. त्यात क्रियापद वस्तूकडे बघतच नाही. पण हीच मुलं 'दाल भिगोनी चाहिए', 'चावल भिगोने चाहिए' बरोबर बोलतात. म्हणजे क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं ही जाण त्यांना आहे, ती नव्याने द्यायची नाही. नवीन आहे ते नपुंसकलिंग. पानी, दूध, दही, घी, तेल, नमक, बेसन हे सगळे हिंदीत पुल्लिंगी. मराठीत पाणी, दूध, दही, तूप, तेल, मीठ, बेसन हे सगळे नपुंसकलिंगी. म्हणून चूक ठरलेल्या जागीच होते: 'पाणी घालावा', 'तूप घालावा', 'दही घुसळावा'. उलट साखर, हळद, डाळ यांच्या बाबतीत चूक क्वचित होते, कारण चीनी, हल्दी, दाल हिंदीतही स्त्रीलिंगीच आहेत. इंदूरच्या वर्गासाठी मजकूर निवडताना पहिली चाळणी हीच: यात नपुंसकलिंगी एकवचनी वस्तू किती आहेत, आणि त्या क्रियापदाच्या थेट कर्म म्हणून येतात का?

या चाळणीतून पोहे पहिल्या दिवसासाठी पास होत नाहीत. पोहे अनेकवचनी, मिरच्या अनेकवचनी, दाणे अनेकवचनी. मीठ-साखर बहुधा 'लावून' या शब्दाच्या पोटात जातात, तिथे लिंग दिसत नाही. नपुंसकलिंगी एकवचनी म्हणून उरतं ते जवळजवळ एकटं तेल. त्यापेक्षा शिरा कितीतरी सोयीचा. जुन्या वळणाच्या वहीत शिरा साधारण असा असतो:

कढईत अर्धी वाटी तूप घालावे. तूप पातळ झाले की एक वाटी रवा घालून मंद आचेवर भाजावा. दुसरीकडे अडीच वाट्या पाणी उकळत ठेवावे. रव्याला खमंग वास सुटला की उकळते पाणी हळूहळू ओतावे. हलवत राहावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पाणी आटले की झाकण ठेवून एक वाफ आणावी. मग पाऊण वाटी साखर घालावी. साखर विरघळली की वेलदोड्याची पूड व बदामाचे काप घालावेत. पुन्हा एक वाफ आणून शिरा उतरवावा.

सत्तरच्या आत शब्द, नऊ वाक्यं, नऊ वेळा आपलं रूप. पेन्सिल घेऊन प्रत्येक रूपाखाली रेघ मारा आणि ते कोणत्या नामाकडे बघतं ते बाणाने दाखवा. मुलांना द्यायच्या आधी हे स्वतः करायचंच, कारण मजकूर कामाचा आहे की नाही ते या बाणांवरून कळतं. नुसती रूपं मोजून कळत नाही.

पहिलं वाक्य पाहा. 'अर्धी वाटी तूप घालावे.' वाटी स्त्रीलिंगी, तूप नपुंसकलिंगी. क्रियापद वाटीकडे पाहत असतं तर 'घालावी' झालं असतं. ते 'घालावे' आहे, म्हणजे मापाकडे न बघता पदार्थाकडे बघतं. हे वाक्य निकाल देतं. तिसरं त्याहून चांगलं: 'अडीच वाट्या पाणी उकळत ठेवावे.' वाट्या अनेकवचनी, तरी 'ठेवाव्यात' झालेलं नाही. 'एक वाटी रवा … भाजावा' हेही निकाल देणारं. पण 'पाऊण वाटी साखर घालावी' या वाक्यावरून काहीच सिद्ध होत नाही. वाटीही स्त्रीलिंगी, साखरही. मूल चुकून वाटीशी जुळवत असलं तरी उत्तर बरोबरच येणार आणि तुम्हाला चुकीचा पत्ता लागणार नाही. मजकुरात निकाल देणारी तीन वाक्यं तरी असावीत, आणि ती सुरुवातीला असली तर फारच छान. शिऱ्यात ती पहिल्या तीन वाक्यांतच येतात. हलव्याची किंवा लाडवाची कृती निवडलीत तरी हेच तपासा. मापं वगळून लिहिलेल्या कृतीत ही सोय नसते.

आता 'हलवत राहावे'. इथे कर्म नाही. मूल विचारणारच, 'राहावे कुणासाठी, पाण्यासाठी की रव्यासाठी?' उत्तर असं की जुळायला काहीच नसलं की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात राहतं. व्याकरणात याला भावे प्रयोग म्हणतात, पण या वयाला नाव सांगायची गरज नाही. अशी वाक्यं एका मजकुरात एखाद-दुसरीच हवीत. चार-पाच झाली की मुलं 'काही सुचलं नाही तर -वे लाव' असा स्वतःचा नियम बनवतात, आणि तो नियम अर्ध्या वेळा बरोबर येत असल्यामुळे मोडणं कठीण जातं. 'दहा मिनिटे थांबावे, मग ढवळावे, पुन्हा झाकावे' असली वाक्यं ज्या कृतीत दाटलेली असतात, ती विध्यर्थाने भरलेली दिसली तरी बाजूला ठेवा.

शिऱ्यात आणखी एक रचना वारंवार येते: 'पातळ झाले की', 'वास सुटला की', 'पाणी आटले की', 'साखर विरघळली की'. हा भूतकाळ आहे आणि तोही लिंग दाखवतो. त्या दिवशी त्यावर बोलायचं नाही, पण त्याचा उपयोग मात्र होतो. 'तूप' कुठल्या लिंगाचं हे न आठवणाऱ्या मुलाला 'तूप पातळ झाले' हे शेजारीच दिसतं. 'तूप झाला' त्याच्या कानाला खटकतं, पण 'तूप घालावा' खटकत नाही, कारण पहिलं घरात रोज ऐकू येतं आणि दुसरं नाही. खऱ्या मजकुरात लिंगाची खूण अशी आपसूक दोनदा मिळते. सुट्या वाक्यांत ती मिळत नाही.

मजकूर किती मोठा असावा? पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला साठ ते शंभर शब्द पुरतात. त्याहून मोठा असला की अर्धा तास अर्थ लावण्यात जातो आणि रूपाकडे बघायला कुणाचं डोकं उरत नाही. अनोळखी शब्द चार-पाचाच्या वर नकोत. शिऱ्यातले 'खमंग', 'गुठळ्या', 'आटणे' आणि 'वेलदोडे' मी आधीच फळ्यावर लिहून ठेवीन. वेलदोड्यासमोर 'इलायची' लिहिलं तरी चालतं, तो काही आपला आजचा विषय नाही. पदार्थ ओळखीचा असला की काम हलकं होतं. रव्याचं पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असतं, त्यामुळे लक्ष शब्दाच्या शेपटीकडे जाऊ शकतं. ओळखीचा नसलेला पदार्थ द्यायचाच असेल तर मजकूर अर्धा करा.

मजकूर खरा ठेवायचा म्हणजे त्याला हातच लावायचा नाही असं मात्र नाही. सुरुवातीची प्रस्तावना, शेवटची 'टीप', कृतीच्या मधला आठवणींचा परिच्छेद खुशाल कापावा. एखादा फार अवघड शब्द बदलला तरी चालेल. हात लावायचा नाही तो दोन गोष्टींना: वाक्यांचा क्रम आणि आपण शिकवतोय ते रूप. रूपांची संख्या वाढावी म्हणून दोन वाक्यं घुसवली की मजकूर लगेच पुस्तकी होतो. शिऱ्यात 'घालून', 'ठेवून', 'आणून' ही रूपं मध्ये-मध्ये आहेत. ती 'घालावा आणि', 'ठेवावे आणि' अशी फोडली तर नऊची बारा रूपं होतील, पण अशा कृती कोणी लिहीत नाही. मराठीत दोन कामं लागोपाठ आली की पहिलं '-ऊन' ने बांधलं जातं आणि विध्यर्थ शेवटच्या कामाला मिळतो. ही वाटणी मुलांनी वाचता वाचता पाहावी म्हणून तर खरा मजकूर घ्यायचा.

हस्तलिखित वही वापरत असाल तर एक अडचण येईल. घरगुती वह्यांत कधी 'घालावे', कधी 'घालावं', कधी नुसतं 'घालणे' असतं. 'कांदा चिरणे, तेल तापविणे' ही तिसरी रीत, आणि ती फार जुन्या वह्यांत बरीच दिसते. एका पानावर तिन्ही मिसळलेल्या असतील तर ते पान पहिल्यांदा देऊ नका. एकट्या 'घालावे-घालावं'चा घोळ असेल तर हरकत नाही. बोलताना 'घालावं', छापताना 'घालावे', दोन्ही एकच, एवढं सांगून पुढे जायचं.

वर्गात क्रम असा ठेवा. आधी अर्थ: कृतीच्या नऊ पट्ट्या कापून त्या नीट क्रमाने लावायला द्या. यात रूपाकडे कोणी बघत नाही, आणि बघायला नकोही. क्रम लागला की पूर्ण कागद द्या आणि बाण काढायला सांगा, तुम्ही घरी काढलेत तसेच. मग बाणांवरून नामं तीन रकान्यांत लिहायची: 'घालावा'वाली, 'घालावी'वाली, 'घालावे'वाली. 'घालावेत'साठी चौथा रकाना करावा लागतोय हे मुलांना स्वतःलाच सापडू द्या. नियम तुम्ही सांगण्याआधी रकान्यांकडे दोन मिनिटं शांतपणे बघू द्यावं. बहुतेक वेळा कुणीतरी म्हणतंच, 'पानी तो मराठीत वेगळंच आहे.' त्यानंतर नियमाचं एक वाक्य पुरतं.

गाळलेल्या जागा करताना पूर्ण क्रियापद गाळू नका. 'तूप ______' असं दिलं तर मूल 'घाला' लिहील, आणि ते चूक म्हणता येणार नाही. 'तूप घाला___' असं द्या, म्हणजे फक्त शेपटी भरायची. जागा सहा-सात ठेवा आणि त्यातल्या निम्म्या तरी निकाल देणाऱ्या वाक्यांत असू द्या. साखरेच्या जागेवर एखादी चालेल, पण तिच्या उत्तरावरून काही अंदाज बांधू नका. शेवटी मुलांनी स्वतः चार-पाच ओळींची कृती लिहायची. ती शिऱ्याची नसावी, नाहीतर पाठ केलेलंच उतरेल. ताक किंवा लिंबाचं सरबत चांगलं: दही, पाणी, मीठ, जिरे, साखर, म्हणजे एक साखर सोडली तर सगळं नपुंसकलिंगी. कागद गोळा केलेत की नजर टाकायची ती 'दही' आणि 'पाणी' यांच्या पुढच्या क्रियापदावर. तिथे '-वा' असेल तर पुढच्या रविवारी पुन्हा याच रूपावर या. साखरेपुढे '-वी' बरोबर आहे म्हणून खूश होऊ नका.

पोहे दुसऱ्या रविवारी आणा, तिथे ते शोभतात. विध्यर्थात लिहिलेल्या पोह्यांत अशी वाक्यं येतात: 'पोहे चाळून घ्यावेत', 'मिरच्यांचे तुकडे करावेत', 'हळद, हिंग व मिरच्या घालाव्यात', 'दोन वाफा आणाव्यात', 'वरून खोबरे व कोथिंबीर घालावी'. सगळा भर अनेकवचनावर. इथे तीन ठिकाणी मुलं अडतात. 'मिरच्यांचे तुकडे करावेत' मध्ये क्रियापद तुकड्यांशी जुळतं, मिरच्यांशी नाही. 'मिरच्यांचे' असं विभक्ती लागलेलं नाम जुळणीतून बाद होतं हे त्यावरून दाखवता येतं. 'हळद, हिंग व मिरच्या' यांत तिन्ही वेगवेगळ्या, आणि क्रियापद शेवटच्या नामाकडे बघतं. खोबरं आणि कोथिंबीर मिळून 'घालावी' झालं तेही त्याचमुळे. तिसरी अडचण छपाईची आहे. काही ठिकाणी 'पोहे भिजवावे' असं 'त' शिवाय छापतात. ते चूक नाही, पण पहिल्यांदा शिकणाऱ्याला 'पोहे' हे 'पाणी'सारखं नपुंसकलिंगी एकवचन वाटतं. निवडलेल्या मजकुरात 'घ्यावेत, करावेत' असं 'त'सह असेल तर तोच घ्या. इंदूरच्या मुलांकडून 'पोहे वाफेवर करतात, परतत नाहीत' अशी हरकत येईल, वरून शेव का नाही असंही विचारतील. विचारू द्या, आणि त्यांच्या घरची रीत याच रूपात लिहून मागा.

पोह्यांत एक रूप मात्र मिळणार नाही, '-वीत'. नपुंसकलिंगी अनेकवचन पाककृतींत तसं कमीच. त्यासाठी भरली वांगी घ्या: 'वांगी धुवावीत', 'मधोमध चिरावीत'. एकाच मजकुरात सहाही रूपं हवीत असा हट्ट धरलात तर तसा मजकूर शेवटी तुम्हालाच लिहावा लागेल.

पाककृतीत विध्यर्थाचा एकच अर्थ येतो, सूचना. 'यावे', 'द्यावेत' यातली विनंती तिथे नाही. ती पुढे कधी दाखवायची झाली तर लग्नपत्रिका काढा: 'अगत्य येण्याचे करावे.' इंदूरच्या मराठी घरांत अशा पत्रिका हमखास पडलेल्या असतात.

आता हवामानाचा अंदाज. तो या रूपासाठी उपयोगाचा नाही, त्यात विध्यर्थ क्वचितच येतो. तो भविष्यकाळासाठी घ्यायचा, आणि तिथेही तुमची पोह्यांसारखीच फसगत होऊ शकते. वर्तमानपत्रातला अंदाज पुष्कळदा असा असतो: 'मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.' यात भविष्याची गोष्ट आहे, पण भविष्यकाळाचं रूप नाही, क्रियापदच नाही. दुसरा प्रकार 'पाऊस पडण्याची शक्यता आहे' असा. तो हिंदीतल्या 'बारिश होने की संभावना है' ला शब्दाला शब्द जुळतो, त्यामुळे तुमच्या मुलांना तो न शिकवताच येतो. त्यावर तास घालवू नका. हवा तो तिसरा प्रकार: 'आकाश अंशतः ढगाळ राहील. थंडी वाढेल. कमाल तापमान 30 अंशांच्या आसपास राहील. दुपारनंतर हलक्या सरी पडतील.' हा मोठ्या बातमीच्या आतल्या परिच्छेदात किंवा बुलेटिनमध्ये सापडतो, चौकटीत क्वचित. म्हणून अंदाजाची चौकट कापण्याआधी '-ईल, -एल, -तील' मोजा. पाच नसतील तर सोडा.

इथे हिंदीचा फरक उलट्या दिशेने पडतो. हिंदीत 'आसमान साफ रहेगा', 'ठंड रहेगी', मराठीत आकाश 'राहील' आणि थंडीही 'राहील'. भविष्यकाळात लिंग दिसतच नाही, फक्त वचन: तापमान वाढेल, सरी पडतील. म्हणजे अंदाज निवडताना शिऱ्याची चाळणी उपयोगाची नाही. इथे बघायचं ते असं की पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी नामं एकाच क्रियापदाबरोबर येतात का. 'पाऊस राहील, थंडी राहील, आकाश राहील' असे तीन जवळजवळ आले तर तो अंदाज सोन्याचा. एक खाचही आहे. 'पाऊस पडेल' चा नकार 'पाऊस पडेल नाही' असा होत नाही, 'पडणार नाही' असा होतो. अंदाजात 'तापमानात फारसा बदल होणार नाही' असं वाक्य हमखास येतं. पहिल्या दिवशी ते वाक्य कापून टाका, दुसऱ्या दिवशी त्याच्यापासूनच सुरुवात करा.

इंदूरचा अंदाज मराठीत तयार मिळणं अवघड, इथल्या बातम्या हिंदीतच येतात. त्या हिंदी अंदाजाचं मराठी करून देऊ नका. अशा भाषांतरात 'बनी रहेगी' चं 'बनून राहील' होतं आणि मुलं तेच उचलतात. महाराष्ट्राचा अंदाज घ्या. हवामान खात्याच्या वाटणीप्रमाणे तो कोकण, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ अशा भागांत येतो. मुलांचे मामा, मावशा, आत्या नागपूर-पुण्यात असतातच, तो भाग निवडायला सांगा. अंदाज शनिवारी सकाळचा, रविवारचं हवामान सांगणारा घ्या. रविवारी वर्गात मुलांनी भविष्यकाळाचं काम करावं, मग घरी फोन करून तिकडे खरंच काय झालं ते विचारावं. पुढच्या रविवारी तीच वाक्यं भूतकाळात लिहायची: पाऊस पडला, थंडी वाढली, तापमान वाढले. लिंग पुन्हा दिसायला लागतं, आणि 'तापमान वाढला' असं लिहिणारी मुलं तुम्हाला तिथे सापडतील. तीच मुलं शिऱ्यात 'पाणी ओतावा' लिहीत होती का, ते त्यांच्या आधीच्या कागदांशी ताडून पाहा.